मोमेंट ४.९३ आला, मग कोबाल्टचे इलेक्ट्रॉन चार?

*सर, नमस्कार. मी परभणीला एम.एस्सी. इनऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये सॅलिसिलाल्डिहाइड आणि अ‍ॅनिलीनच्या शिफ बेसचं कोबाल्ट(II) कॉम्प्लेक्स केलंय. दोन पाणी धरून मोलर मास ४८७.४. गूय बॅलन्सवर स्टँडर्ड ०.९६० ग्रॅमला ३८.४ मिलिग्रॅम ओढलं गेलं, माझं सॅम्पल ०.६४० ग्रॅमला ३०.३. ट्यूबचं करेक्शन आणि डायमॅग्नेटिक करेक्शन (२६० × १०⁻⁶) दोन्ही केलीत. आधी मोमेंट ४.८२ आला. मॅडम म्हणाल्या, तापमान २५ अंश का धरलंस, लॅबमध्ये ३९ होतं. ते बदललं तर ४.९३ झाला! सूत्र उलटं सोडवलं तर n = ४.०३. मैत्रीण म्हणते, कोबाल्ट(III) झालंय, हाय स्पिन, चार इलेक्ट्रॉन. पण मी तर कोबाल्ट(II) घेतलं होतं. हाय स्पिन लिहू की लो स्पिन? आणि इलेक्ट्रॉन किती लिहू?*

*– एक विद्यार्थिनी, परभणी*

हाय स्पिन लिही आणि इलेक्ट्रॉन तीन लिही. मात्र ४.९३ हा आकडा प्रोजेक्टमध्ये जाऊ देऊ नकोस. खरा आकडा ४.७९ आहे. तो कसा येतो ते पुढे सांगतो, आधी त्या n = ४.०३ चं बघू, कारण खरी गडबड तिथे आहे.

√(n(n+2)) हे सूत्र n वरून मोमेंट काढायला आहे. मोमेंटवरून n काढायला ते वापरलं की कोबाल्टसारखा धातू हमखास फसवतो. कोबाल्ट(II) मध्ये d इलेक्ट्रॉन सात. सातातले कितीही जोड्यांत बसव, उरणारे विषमच राहणार, कारण प्रत्येक जोडीत दोन खर्ची पडतात. ऑर्बिटल पाचच असल्यामुळे किमान दोन जोड्या होणारच. म्हणजे जास्तीत जास्त तीन सुटे, नाहीतर एक. चार हे उत्तर इथे संभवतच नाही, मग यंत्र काहीही दाखवो. म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी धातूची ऑक्सिडेशन स्टेट आणि d इलेक्ट्रॉन कागदावर मांडायचे. त्यातून दोनच उमेदवार उभे राहतात: हाय स्पिनचे तीन, त्याचा स्पिन-ओन्ली आकडा ३.८७, आणि लो स्पिनचा एक, त्याचा १.७३. आपल्याला एवढंच ठरवायचं असतं, की मोजलेला आकडा या दोघांतल्या कुणाचा असू शकतो.

आता तू म्हणशील, ४.८ तर ३.८७ पासूनही चांगलाच लांब आहे. लांब आहे, पण वरच्या बाजूला आहे, आणि कोबाल्ट(II) साठी तसाच असायला हवा. स्पिन-ओन्ली सूत्रात इलेक्ट्रॉनची स्वतःभोवतीची फिरकी तेवढी धरलेली असते. केंद्रकाभोवती फिरण्यातून येणारं चुंबकत्व लिगँडमुळे दबून गेलं, असं ते सूत्र गृहीत धरतं. पुष्कळ धातूंत ते दबतंही. हाय स्पिन ऑक्टाहेड्रल कोबाल्टमध्ये मात्र मांडणी t2g⁵ eg² अशी असते. t2g मधलं dxz ऑर्बिटल z अक्षाभोवती ९० अंशांत फिरवलं की बरोबर dyz च्या जागी येतं. या तिघांत एक जागा अर्धी रिकामी असल्यामुळे इलेक्ट्रॉनला एकातून दुसऱ्यात जात अक्षाभोवती प्रदक्षिणा घालता येते, आणि ती प्रदक्षिणा म्हणजे ऑर्बिटल योगदान. t2g³ किंवा t2g⁶ असती तर वाट बंद असती. eg मधली दोन ऑर्बिटल तर कशीही फिरवली तरी एकमेकांच्या जागी येत नाहीत.

हे योगदान कुठवर जाऊ शकतं, यालाही हद्द आहे. काहीच दबलं नाही असं समजून S = ३/२ आणि L = ३ घेतलं तर √(४S(S+१) + L(L+१)) म्हणजे √२७, म्हणजे ५.२०. त्यामुळे तीन सुट्या इलेक्ट्रॉनांचा ऑक्टाहेड्रल कोबाल्ट ३.८७ आणि ५.२० यांच्यामध्ये सापडतो, आणि प्रत्यक्ष मोजमापं साधारण ४.७ ते ५.२ च्या पट्ट्यात पडतात. तुझा आकडा त्यातच आहे.

लो स्पिनचं काय? तिथे सुटा इलेक्ट्रॉन एकच. ऑक्टाहेड्रल असेल तर मोमेंट दोनच्या अलीकडेपलीकडे, स्क्वेअर प्लेनर असेल तर सव्वादोन ते २.९. तुझ्याच सॅलिसिलाल्डिहाइडपासून एथिलीनडायअमीन वापरून केलेलं Co(salen) हे स्क्वेअर प्लेनर, लो स्पिन असतं. म्हणजे लिगँडचं घराणं एकच असूनही दुसरी बाजू शक्य आहे. पण ती बाजू तीनच्या खाली थांबते. ४.८ तिच्या आवाक्यातच नाही.

याचा पुरावा तुझ्या लॅबमध्येच आहे, त्या निळ्या स्टँडर्डच्या बाटलीत. Hg[Co(NCS)4] मधला कोबाल्टही कोबाल्ट(II) च, चार नायट्रोजनांच्या टेट्राहेड्रल घरात बसलेला. त्याची ग्रॅम ससेप्टिबिलिटी २० अंशांना १६.४४ × १०⁻⁶, मोलर मास ४९१.९. गुणाकार केलास की ८०८७ × १०⁻⁶. डायमॅग्नेटिक करेक्शनचे साधारण १८० मिळव, २९३ ने गुण, वर्गमूळ घे, २.८२८ ने गुण. उत्तर येतं ४.४०. म्हणजे जगभर ज्या पदार्थावर बॅलन्स लावतात त्याचाच मोमेंट ३.८७ नाही. तिथे e⁴ t2³ अशी मांडणी असल्यामुळे थेट प्रदक्षिणा बंद असते, पण स्पिन-ऑर्बिट कपलिंग वरच्या पातळीचा थोडा अंश खालच्या पातळीत मिसळतं आणि आकडा चढतो. d कवच अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर ही मिसळण मोमेंट वर नेते, कमी भरलेलं असेल तर खाली. ही दिशा लक्षात ठेवलीस तर निम्मे घोळ तिथेच उघडे पडतात.

आता तापमान. मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. मे महिन्यात आपल्याकडे वीज गेली आणि पंखा बंद पडला की लॅब चाळिशीला टेकते, आणि २५ अंश धरून चालत नाही. पण तू ते एकाच ठिकाणी बदललंस. १६.४४ हा आकडा २० अंशांचा आहे. स्टँडर्ड स्वतः पॅरामॅग्नेटिक असल्यामुळे उन्हाळ्यात तेही कमी ओढलं जातं. वाण्याकडचं किलोचं वजनच उन्हात हलकं होत असतं तर त्याने तोललेला प्रत्येक माल भारी भरला असता, तसं तुझ्या सॅम्पलचं झालं. २० अंशांच्या आसपास ही घट दर अंशाला सुमारे ०.०५ × १०⁻⁶ धरतात. ३९ अंशांना फरक १९ अंशांचा, म्हणून स्टँडर्डचा आकडा १५.४९ × १०⁻⁶ घ्यायला हवा होता.

त्याने पुन्हा करून बघू. तुझ्या सॅम्पलचं प्रति ग्रॅम ओढणं ३०.३ भागिले ०.६४०, म्हणजे ४७.३४. स्टँडर्डचं ३८.४ भागिले ०.९६०, म्हणजे ४०.०. ग्रॅम ससेप्टिबिलिटी १५.४९ × ४७.३४ ÷ ४०, म्हणजे १८.३३ × १०⁻⁶. मोलर मासने गुणून ८९३५ × १०⁻⁶, डायमॅग्नेटिक करेक्शन मिळवून ९१९५ × १०⁻⁶. याला ३१२ ने गुणलं की २.८६९, त्याचं वर्गमूळ १.६९४, आणि २.८२८ ने गुणून ४.७९.

गंमत अशी, की तुझा पहिला ४.८२ हा दोन चुका असूनही खऱ्याच्या जवळ होता. सूत्रात शेवटी स्टँडर्डची ससेप्टिबिलिटी आणि तापमान यांचा गुणाकार येतो. तू एक जास्त धरली होतीस आणि दुसरं कमी, म्हणून दोघांनी एकमेकांना खाल्लं. एकच दुरुस्त केलंस, दुसरी चूक मोकळी सुटली आणि आकडा ४.९३ वर गेला. आणि तो नेमका ४.९० च्या जवळ जाऊन बसल्यामुळे चार इलेक्ट्रॉनांची गोष्ट खरी वाटू लागली. प्रॅक्टिकलच्या छापील शीटवर १६.४४ असतो, त्याच्या शेजारी तापमान असतंच असं नाही. वहीत तो आकडा लिहिशील तेव्हा त्याच्याजवळ २० अंशही लिही.

मैत्रिणीचा तर्क तोंडी परीक्षेत एखाद्याला पटेलही, म्हणून त्याचं नीट उत्तर हवं. कोबाल्ट(III) म्हणजे d⁶, त्याचा हाय स्पिन आकडा ४.९०, इथपर्यंत ती बरोबर आहे. पण कोबाल्ट(III) हाय स्पिन सापडतो तो मुख्यतः फ्लोराइडच्या सोबतीत, [CoF6]³⁻ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या शिफ बेसबरोबर तो सगळे सहा इलेक्ट्रॉन t2g मध्ये जोड्या लावून बसतो. सुटा एकही नाही, डायमॅग्नेटिक. म्हणजे तुझं सॅम्पल हवेने कोबाल्ट(III) झालं असतं तर मोमेंट वाढला नसता, कोसळला असता.

आणि यातून मला एक वेगळीच काळजी सांगायची आहे. तुझ्या वर्गात कुणाचा कोबाल्ट(II) मोमेंट अगदी ३.८७ किंवा ३.९० आला असेल तर तो आनंदाने "स्पिन-ओन्लीशी जुळतो" असं लिहून मोकळा होईल. मला मात्र त्याच आकड्याचा जास्त संशय येईल. ऑक्टाहेड्रल हाय स्पिन कोबाल्टला इतकं खाली यायला काहीतरी कारण लागतं. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट ऑक्सिडेशन. बेसिक द्रावणात कोबाल्ट(II) चं शिफ बेस कॉम्प्लेक्स उघड्यावर ढवळत ठेवलं की रंग गडद होत जातो, आणि गाळून वाळवलेल्या भुकटीत दोन्ही कोबाल्ट असतात. मिश्रणात मोमेंटची सरासरी होत नाही, त्यांच्या वर्गांची होते, कारण मोजली जाते ती ससेप्टिबिलिटी. मूळ मोमेंट ४.८ असेल तर वर्ग २३.०, आणि ३.८७ चा वर्ग १५.०. भागाकार ०.६५. म्हणजे सुमारे पस्तीस टक्के कोबाल्ट डायमॅग्नेटिक होऊन गेला तर यंत्र बरोबर ३.८७ दाखवील! पुस्तकातला आकडा आला आणि पदार्थ मात्र एक-तृतीयांश नासलेला.

हाय स्पिन आणि लो स्पिनच्या मधला, म्हणजे तीन ते चारमधला कोणताही आकडा कोबाल्टसाठी असाच तपासावा. ताजा बॅच करून लगेच मोज, आकडा वर सरकला तर कारण ऑक्सिडेशनच होतं. तसाच राहिला तर मग दोन शक्यता मनात आण. एक, दोन कोबाल्ट पुलाने जोडले जाऊन एकमेकांचं चुंबकत्व मारताहेत. दुसरी, स्पिन क्रॉसओव्हर, म्हणजे काही रेणू हाय स्पिन, काही लो स्पिन. या दोन्हींचा निकाल एका तापमानावरच्या एका आकड्यावरून लागत नाही, वेगवेगळ्या तापमानांना मोजावं लागतं, आणि ती सोय आपल्या कॉलेजांतल्या साध्या गूय बॅलन्सवर नसते. तिथे "हाय स्पिन" असा शिक्का न मारता, आकडा आणि तापमान देऊन थांबलेलं बरं.

उलट आकडा ५.२० च्या वर गेला तर लोखंड शोध. स्टीलच्या स्पॅचुलाने खरवडलेला कण ट्यूबमध्ये गेला तरी पुरे. ओळखायची रीत सोपी आहे: इलेक्ट्रोमॅग्नेटचा करंट बदलून दोनदा मोज. ससेप्टिबिलिटी दोन्ही वेळा तीच यायला हवी, कारण स्टँडर्ड आणि सॅम्पल दोघांचंही ओढणं सारख्याच प्रमाणात बदलतं. करंट वाढवल्यावर तुझ्या सॅम्पलची ससेप्टिबिलिटी उतरली तर आत लोखंड आहे. अर्थात व्होल्टेज खालीवर होत असेल तर ही तपासणी करूच नकोस. स्टँडर्ड मोजताना एक करंट आणि सॅम्पल मोजताना दुसरा, असं झालं की पहिलंच मोजमाप वाया जातं.

डायमॅग्नेटिक करेक्शन तू केलंस ते चांगलं केलंस, पण तुझ्या बाबतीत त्याने फार फरक पडला नसता. न करता ४.७२ आला असता. लो स्पिन सॅम्पलचं तसं नाही. तिथे मूळ ससेप्टिबिलिटीच लहान असते, आणि २६० विसरलं की १.९० चा मोमेंट १.७२ दिसतो. तोही नेमका स्पिन-ओन्लीशी जुळतो आणि कुणाला शंका येत नाही.

आता राहिलं पाणी, आणि हे मला तुझ्या सगळ्या कामातलं सर्वांत कच्चं टोक वाटतं. ४८७.४ मध्ये तू दोन पाणी धरलीस. ती खरंच कोबाल्टला धरून बसलीत का, की ओव्हनमध्ये वाळवताना निघून गेली? निघून गेली असतील तर मोलर मास ४५१.४ होतो, आणि तुझ्याच मोजमापातून मोमेंट ४.६१ येतो. हाय स्पिनचा निर्णय त्याने बदलत नाही. आकार मात्र बदलतो. ४.६१ हा टेट्राहेड्रल कोबाल्टच्या पट्ट्यातला आकडा आहे, जो सुमारे ४.२ पासून ४.८ पर्यंत पसरतो, आणि पाणी नसलेला Co(L)2 टेट्राहेड्रल असणं अगदी स्वाभाविक आहे. ४.७९ दोन्ही पट्ट्यांच्या शिवेवर पडतो. त्यामुळे "मोमेंट ४.७९, म्हणून ऑक्टाहेड्रल" असं वाक्य लिहू नकोस. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत ते सरसकट असतं, आणि ते मोमेंटच्या कुवतीबाहेरचं आहे.

पाण्याचा निकाल टीजीए लावेल. ४८७.४ पैकी दोन पाणी म्हणजे ७.४ टक्के वजन. कोबाल्टला बांधलेलं पाणी सहसा शंभर अंशांच्या बरंच वर जातं, तर नुसतं अडकलेलं त्याआधीच उडतं. टीजीए आणि मोमेंट एकाच बॅचचे, एकाच दिवशी वाळवलेले असू देत. आकारासाठी इलेक्ट्रॉनिक स्पेक्ट्रम घे. ऑक्टाहेड्रल कोबाल्टचे पट्टे फिके असतात, त्यांतला एक १००० ते १२०० नॅनोमीटरच्या भागात. टेट्राहेड्रलचा पट्टा ६०० ते ७०० च्या आसपास आणि कितीतरी पट तीव्र. शिफ बेसचा स्वतःचा पिवळा-तपकिरी रंग दृश्य भाग झाकून टाकतो, म्हणून निव्वळ भुकटीचा रंग बघून काही ठरवू नकोस.

प्रोजेक्टमध्ये हे असं लिहिता येईल: "३१२ केल्व्हिनला मोजलेला मोमेंट ४.७९ बोर मॅग्नेटॉन (स्टँडर्ड Hg[Co(NCS)4], ३१२ केल्व्हिनला १५.४९ × १०⁻⁶ धरून). d⁷ साठी स्पिन-ओन्ली मूल्यं ३.८७ आणि १.७३. मोजलेलं मूल्य हाय स्पिन, तीन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन दर्शवतं. वाढीव भाग ऑर्बिटल योगदानाचा." टीजीएत पाणी निघालं नाही तर ४.७९ च्या जागी ४.६१ घाल, मोलर मास बदल, डायमॅग्नेटिक करेक्शनही २३४ कर. बाकी मजकूर तोच राहील.

आणि ट्यूब रिकामी करताना स्टँडर्ड बेसिनमध्ये धुऊन टाकू नकोस, त्यात पारा आहे. कोरडंच बाटलीत परत काढ.